नोकरी गेल्यावर गृहकर्जाचा हप्ता: बँकेच्या टेबलावर काय ठेवावं लागतं

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचा विभाग बंद झाला, की पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत मडगाव, वास्को, फोंड्याच्या बँकांत एकाच साच्यातले अर्ज येऊ लागतात. 'माझी नोकरी गेली आहे. तरी कृपया सहा महिने हप्ता घेऊ नये ही विनंती.' खाली सही आणि सोबत आधार कार्डाची झेरॉक्स. असे अर्ज तपासायचं काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असतं, की यातले फारच थोडे नामंजूर होतात. बाकीचे नुसते पडून राहतात. शाखेतल्या अधिकाऱ्याला प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवायचा असतो, आणि त्या प्रस्तावात लिहावं असं काहीच त्या कागदावर नसतं.

वरच्या कार्यालयाला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. मिळकत खरोखर थांबली का, आणि ती कर्जदाराच्या मर्जीने थांबली की मर्जीविरुद्ध? दुसरं म्हणजे, पूर्ण हप्ता पुन्हा कधी सुरू होईल आणि कुठल्या पैशातून? संकट किती मोठं आहे हे पटवून देण्यात लोक पान-पान खर्च करतात, दुसऱ्या प्रश्नाला मात्र एक ओळही देत नाहीत. फाईल अडते ती बहुधा तिथेच.

बँक आढेवेढे का घेते

२७ मार्च २०२० च्या घोषणेनंतर हप्ते पुढे ढकलण्याची जी सवलत मिळाली, ती अजून लोकांच्या डोक्यात आहे. ती त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला संपली. त्यानंतर ६ ऑगस्ट २०२० आणि ५ मे २०२१ अशा दोन चौकटी रिझर्व्ह बँकेने दिल्या होत्या. त्यांत पुनर्रचना करूनही खातं 'स्टँडर्ड', म्हणजे नियमित, ठेवता येत होतं. त्याही खिडक्या बंद झाल्या. आज अशी सवलत मागणं हा हक्क नाही, ती नुसती विनंती आहे. त्यात एक मेख आहे आणि ती शाखेत सहसा कोणी स्पष्ट सांगत नाही. कर्जदार अडचणीत आहे म्हणून हप्ता कमी केला, मुदत वाढवली किंवा मुद्दल पुढे ढकललं, तर नियमाप्रमाणे ती पुनर्रचना ठरते आणि खातं त्याच वेळी थकीत वर्गात, म्हणजे एनपीएत, टाकावं लागतं. एकही हप्ता चुकलेला नसला तरीही.

याचा अर्थ बँकेच्या बाजूने बघा. चोवीस लाखांच्या चालू गृहकर्जापोटी व्यापारी बँकेला पाव टक्का, म्हणजे सहा हजार रुपये, कर्ज बुडालंच तर म्हणून तरतूद बाजूला ठेवावी लागते. तेच खातं 'सब-स्टँडर्ड', म्हणजे एनपीएच्या पहिल्या पायरीवर, गेलं की तरतूद पंधरा टक्के, म्हणजे तीन लाख साठ हजार. मॅनेजर गोड बोलून 'बघू या, हप्ता चुकवू नका तेवढं' म्हणतो, त्यामागे हा आकडा असतो. तो तुमच्यावर नाराज वगैरे काही नसतो.

कर्जदाराच्या बाजूनेही याची किंमत आहे. सिबिलच्या अहवालात त्या खात्यापुढे 'रिस्ट्रक्चर्ड' अशी नोंद होते. सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव असेल तर तिच्याही अहवालात होते. खातं पुन्हा 'स्टँडर्ड' व्हायला किमान एक वर्ष हप्ते चोख जावे लागतात, आणि ते वर्ष मंजुरीच्या दिवसापासून धरत नाहीत. सवलतीचा काळ संपून मुद्दल सुरू झालं की तिथून ते मोजतात. त्यामुळे माझं मत सरळ आहे: हातातल्या शिलकीत तीन-चार हप्ते बसत असतील आणि त्या मुदतीत नोकरी लागण्याची खरी शक्यता असेल, तर पुनर्रचना मागू नये, शिलकीतून हप्ते भरावेत. पूर्वी जादा भरणा केलेला असेल, किंवा कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असून त्यात पैसे पडून असतील, तर आधी तेच वापरावेत. आपलेच पैसे परत वापरण्याला पुनर्रचना म्हणत नाहीत.

शक्यता तशी नसेल तर मात्र उशीर करू नये. अर्ज हप्ते थकायच्या आधी करायचा असतो. थकल्यावर केलेल्या अर्जाची किंमत झपाट्याने उतरते.

नव्वद दिवस कसे मोजतात

हप्त्याची तारीख ५ जानेवारी आहे आणि तो गेला नाही असं धरू. त्याच दिवशी रात्री बँकेची यंत्रणा खातं थकीत दाखवते आणि 'एसएमए-०', म्हणजे खास लक्ष ठेवायचं खातं, असा शिक्का बसतो. ४ फेब्रुवारीला ते 'एसएमए-१' होतं, ६ मार्चला 'एसएमए-२', आणि ५ एप्रिलला एनपीए. ही मोजणी रोज आपोआप होते, महिनाअखेरीची वाट कोणी बघत नाही. 'तीन हप्ते चुकले तरी चालतात' हा समज याच मोजणीवर आपटतो.

भरलेले पैसे आधी सगळ्यात जुन्या हप्त्याला लागतात. म्हणून दोन हप्ते थकलेले असताना एक पूर्ण हप्ता भरला, तर दिवसांची मोजणी पुढच्या हप्त्याच्या तारखेपासून सुरू होते आणि महिनाभराची उसंत मिळते. पण एकदा एनपीए झाल्यावर हा उपाय संपला. मग सगळी थकबाकी, व्याज आणि मुद्दल दोन्ही, भरल्याशिवाय खातं वर येत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एनपीए हा शिक्का खात्यावर नाही, कर्जदारावर बसतो. त्याच बँकेचं वैयक्तिक कर्ज नव्वद दिवस थकलं, तर ज्याचे हप्ते अगदी वेळेवर जातायत ते गृहकर्जही एनपीए होतं. एकाच बँकेत दोन कर्जं असतील तर लहान कर्ज आधी सांभाळावं लागतं ते यासाठी.

नोकरी गेल्याचा पुरावा

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कंपनीचं सेवा समाप्तीचं पत्र. त्यात शेवटचा कामाचा दिवस आणि कारण ही दोन्ही हवीत. 'विभाग बंद केल्यामुळे पद रद्द' एवढी ओळ असली तरी निम्मं काम झालं.

पण इथे बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. कंपन्या माणसाला काढत नाहीत, राजीनामा लिहून मागतात. 'पुढे दुसरीकडे नोकरी शोधायला बरं पडेल' असं समजावतात आणि कार्यमुक्तीच्या पत्रात 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' असं छापून येतं. बँकेच्या लेखी याचा अर्थ नोकरी आपण होऊन सोडली. कर्जासोबत घेतलेल्या विम्यात नोकरी गेल्याचं संरक्षण असलं, तरी बहुतेक पॉलिसींत राजीनामा दिलेल्याला ते लागू होत नाही. म्हणून सही करण्याआधी एचआरकडे कारण लिहिलेलं पत्र मागावं. ते देत नसतील तर राजीनाम्याच्या मजकुरातच 'विभाग बंद करण्याच्या व्यवस्थापनाच्या निर्णयानुसार' असं लिहावं आणि तो ईमेलने पाठवावा. सही होऊन गेली असेल तर आजूबाजूचे कागद जमवावेत: विभाग बंद होत असल्याची कंपनीची सूचना, त्याच महिन्यात निघालेल्या सहकाऱ्यांची पत्रं, अंतिम हिशेबाचा कागद. त्या हिशेबात नोटीस पगार कंपनीने दिलेला असेल तर तो फार बोलका पुरावा आहे. राजीनामा देणारा नोटीस पगार घेत नसतो, उलट त्याच्याकडून कापून घेतात.

दुसरा कागद पीएफचा. पासबुकात शेवटच्या महिन्याचा भरणा दिसतो, त्यानंतर रकाने रिकामे राहतात. कंपनीने 'नोकरी सोडल्याची तारीख' नोंदवली असेल तर उत्तमच. नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतःच ती पोर्टलवर नोंदवता येते. बँकेला पीएफचं पासबुक आवडतं, कारण ते कर्जदाराला घरी बसून बनवता येत नाही.

तिसरा कागद पगार खात्याचा उतारा, किमान मागच्या सहा महिन्यांचा, आणि सोबत घरातल्या बाकी सगळ्या खात्यांचे. यात पगार थांबलेला दिसतो, पण आणखीही बरंच दिसतं. महिन्याला पाच हजारांची एसआयपी चालूच आहे, शेअर दलालाकडे पैसे जातायत, नवा फोन हप्त्यावर घेतलाय, असं उताऱ्यात असेल तर अर्जातला 'घर चालवणं कठीण झालंय' हा मजकूर वाचणारा पुढे वाचत नाही. एसआयपी थांबवलेली असावी आणि ती कधी थांबवली हे अर्जात लिहावं. नोकरी गेल्यावर घाबरून चार-पाच कर्ज अॅपवर अर्ज टाकले असतील तर त्या चौकश्याही सिबिलमध्ये दिसतात. हा माणूस एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून भरणार, असाच निष्कर्ष त्यातून काढला जातो.

मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला पुष्कळजण मेहनतीने आणतात. त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण तो मागच्या मिळकतीबद्दल बोलतो आणि बँकेला या महिन्याचं हवं असतं. त्यात घालवायचा वेळ पणजीच्या सेवायोजन कार्यालयात नोंदणी करण्यात घालवलेला बरा. नोंदणीच्या कार्डाने नोकरी मिळेल न मिळेल, पण बेकार झाल्याची तारीख सरकारी कागदावर येते. नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेल आणि मुलाखतीची बोलावणी छापून जोडावीत. दोन-तीन पुरतात, गठ्ठा नको.

गोव्यात दोन प्रकारच्या फाइलींत नेहमी गोंधळ होतो. एक हॉटेलवाल्यांची. कळंगुट-कांदोळीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत पावसाळ्यात माणसं कमी करतात आणि मोसमाला परत बोलावतात. दर वर्षी जून ते सप्टेंबर खात्यात पगार नाही असं उताऱ्यात दिसलं, तर अधिकारी म्हणतो, ही नोकरी गेलेली नाही, हा मोसमी खंड आहे आणि कर्ज देतानाही तो होताच. अशा माणसाने दोन वर्षांचे उतारे लावून दाखवावं लागतं, की आधीच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पगार सुरू झाला होता आणि यंदा बोलावणंच आलेलं नाही. दुसरी फाईल तारवट्यांची. दोन करारांच्या मधली सुट्टी म्हणजे बेकारी नव्हे. सीडीसी म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेतल्या जहाजावर चढल्या-उतरल्याच्या नोंदींवरून नेहमीचा खंड किती महिन्यांचा असतो ते दाखवायचं, आणि यावेळी तो ओलांडून गेलाय हे एजन्सीच्या पत्राने दाखवायचं.

मालकाने काहीच लिहून दिलं नाही अशीही ठिकाणं आहेत: लहान दुकानं, बार, कंत्राटदाराकडची कामं. तिथे खात्याचा उतारा, पीएफ किंवा ईएसआयची नोंद आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरण यांवर भिस्त ठेवावी. नोटरीपुढचं प्रतिज्ञापत्र शेवटी, आधार म्हणून. नुसतं प्रतिज्ञापत्र कोणी मानत नाही. पगार रोख मिळत असेल आणि तो खात्यात कधी भरलाच नसेल, तर 'मिळकत थांबली' हे दाखवणं जवळजवळ अशक्य होतं.

आकडे मांडून बघू

समजा, कर्जदार चव्वेचाळीस वर्षांचा आहे. वेर्ण्याला औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होता, हातात बावन्न हजार येत. बायको खाजगी शाळेत शिकवते, तिला चोवीस हजार मिळतात आणि ती सहकर्जदार आहे. फोंड्याच्या फ्लॅटवरचं कर्ज चोवीस लाख शिल्लक, व्याज नऊ टक्के, अजून पंधरा वर्षं जायची आहेत, हप्ता २४,३४२ रुपये. घरखर्च २१,५०० आणि स्कूटरचा हप्ता ३,२००. कंपनीने अंतिम हिशेबाचे १,४५,००० दिले.

घरखर्च आणि स्कूटर मिळून २४,७०० होतात, म्हणजे बायकोच्या पगारावर घर जेमतेम चालतं, सातशे रुपये कमीच पडतात. गृहकर्जाचा हप्ता सगळा अंतिम हिशेबाच्या पैशातून जाणार. पूर्ण हप्ता भरला तर महिन्याला २५,०४२ ची तूट, आणि हे पैसे सहा महिनेही पुरत नाहीत. तोवर काही झालं नाही तर घरात शून्य आणि बँकेकडे अर्ज करायला उशीर. अर्ज पहिल्याच महिन्यात करायचा तो यासाठी.

आता काय मागायचं? लोकांच्या मनात येतं ते 'सहा महिने काहीच नको'. त्या सहा महिन्यांत व्याज चालूच राहतं आणि मुद्दलात मिळतं. चोवीस लाखांचे पंचवीस लाख दहा हजार होतात. नंतर पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता २५,४५८ आणि एकूण जादा भार सुमारे दोन लाख. दुसरा मोह मुदत वाढवण्याचा. सहा महिने काहीच न भरता फुगलेलं हे पंचवीस लाख दहा हजारांचं कर्ज वीस वर्षांवर नेलं तर हप्ता २२,५८४ होतो. म्हणजे मूळ हप्त्यापेक्षा महिन्याला १,७५८ रुपयांची सुटका, आणि त्यापायी एकूण भरणा दहा लाखांहून जास्त वाढतो. शिवाय अशी वाढ मंजूर होणंही कठीण, कारण चव्वेचाळीस आणि वीस मिळून चौसष्ट होतात आणि पगारदाराचं कर्ज बऱ्याच बँका निवृत्तीच्या वयाच्या आत संपवतात.

तिसरा मार्ग सहा महिने फक्त व्याज भरण्याचा. ते महिन्याला अठरा हजार. मुद्दल जिथल्या तिथे राहतं, सहा महिन्यांनी तोच जुना २४,३४२ चा हप्ता सुरू होतो आणि कर्ज सहा महिने उशिरा, साडेएकोणसाठाव्या वर्षी संपतं. जादा भार १,०८,०००. महिन्याची तूट १८,७०० होते, सहा महिन्यांत १,१२,२०० जातात आणि अंतिम हिशेबातले ३२,८०० हातात उरतात. बँकेलाही हे पचतं, कारण व्याज थांबत नाही आणि मुद्दल फुगत नाही.

व्याजही झेपणार नसेल तर महिन्याला दहा हजार भरून उरलेलं आठ हजार व्याज मुद्दलात घालण्याची मागणी करता येते. तेव्हा सहा महिन्यांनी पंधरा वर्षांसाठी हप्ता २४,८३९ होतो, म्हणजे जेमतेम पाचशेने जास्त. घरात म्हातारं माणूस आजारी असेल, दवाखान्याचा खर्च कधीही उभा राहील अशी स्थिती असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. अठरा हजारांचं वचन देऊन चौथ्या महिन्यात मोडण्यापेक्षा दहाचं पाळलेलं बरं. पुनर्रचनेनंतर हप्ता चुकला तर पुन्हा सवलत मागायला तोंड राहत नाही.

राहिला दुसरा प्रश्न, सातव्या महिन्याचा. कुंडई किंवा पिळर्णच्या एखाद्या कंपनीत कंत्राटी जागा अडतीस हजारांवर मिळेल अशी बोलणी चालू आहेत, असं धरू. मग घरात बासष्ट हजार येतील आणि दोन्ही हप्ते मिळून २७,५४२ जातील, म्हणजे मिळकतीच्या साधारण चव्वेचाळीस टक्के. बँका पन्नासच्या आसपासची मर्यादा मनात धरतात, त्यात हे बसतं. पगार जुन्याइतकाच मिळेल असं लिहायची गरज नाही. कमी पगारावरही हप्ता बसतो हे दाखवलं तर प्रस्ताव जास्त विश्वासाचा वाटतो.

अंतिम हिशेबाचे पैसे लपवू नयेत. ते उताऱ्यात दिसतातच. ते दाखवून 'हे सहा महिन्यांच्या व्याजासाठी राखून ठेवले आहेत' असं लिहिलं, तर तीच रक्कम अर्जाची मुख्य ताकद बनते.

अर्ज आणि त्यानंतर

अर्ज एका पानाचा पुरतो. कर्ज खाते क्रमांक, नोकरी गेल्याची तारीख आणि कारण, आजवर हप्ते नियमित असल्याचा उल्लेख, घरातली आत्ताची मिळकत आणि खर्च, नेमकी मागणी, सातव्या महिन्याचं गणित आणि जोडलेल्या कागदांची यादी. मागणीची ओळ अशी असावी: 'डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत दरमहा फक्त व्याज रु. १८,००० भरण्याची आणि कर्जाची मुदत सहा महिन्यांनी वाढवण्याची परवानगी मिळावी.' 'योग्य ती सवलत द्यावी' असं लिहिलं तर ती कोणी ठरवायची यावरच फाईल थांबते. इंग्रजी प्रतही सोबत द्यावी. मंजुरी शाखेत होत नाही, आणि वर ज्याच्याकडे फाईल जाते त्याला मराठी येईलच असं नाही. एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि तेच कागद शाखेच्या ईमेलवर पाठवावेत. तोंडी बोलण्याला पुढे कसलीच किंमत राहत नाही.

लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुनाच हप्ता लागू असतो. याच काळात सगळ्यात जास्त नुकसान होतं. साहेब 'होऊन जाईल' म्हणाले म्हणून माणूस खात्यात अठरा हजार ठेवतो, पाच तारखेला २४,३४२ चा एनएसीएच, म्हणजे हप्ता आपोआप कापून घेण्याचा आदेश, येतो आणि परत जातो. बँकेचा दंड आकार लागतो, ज्या बँकेत खातं आहे तिचाही लागतो. शिवाय शिल्लक नसल्याने असा आदेश परत जाणं हे २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखंच आहे. तेव्हा मंजुरी येईपर्यंत शक्यतो पूर्ण हप्त्याची शिल्लक ठेवावी. वर मांडलेल्या हिशेबात एक-दोन पूर्ण हप्ते सहज बसतात.

मंजुरीचं पत्र आलं की सही करण्याआधी काही जागा बघाव्यात. व्याजदर तोच आहे की 'जोखीम वाढली' म्हणून चढवलाय? प्रक्रिया शुल्क किती, आणि त्यावर जीएसटी? आधीचा काही दंड आकार मुद्दलात मिळवलाय का? रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दंड आकारावर पुढे व्याज लावता येत नाही, म्हणून तो वेगळा दाखवलेला हवा. कर्जाचा विमा असेल तर त्याची मुदत जुन्या तारखेला संपते आणि कर्ज सहा महिने पुढे गेलेलं असतं, तो फरक विचारून घ्यावा. नवा एनएसीएच आदेश कधीपासून लागू होईल हेही विचारावं. नाहीतर पुनर्रचना मंजूर होऊनही जुना आदेश एक महिना धडकतो.

जामीनदार असेल तर त्यालाही शाखेत यावं लागतं. करार कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीवाचून कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. म्हणून बँक त्याच्या सहीशिवाय पुढे जात नाही. सहकारी बँकांतल्या फाइली इथे हटकून रखडतात, कारण जामीनदार बहुधा त्याच कारखान्यातला सहकारी असतो, त्याचीही नोकरी गेलेली असते आणि तो फोन उचलत नाही. त्याच्याशी अर्ज करण्याआधीच बोलून ठेवावं.

नकार आला तर तो लेखी मागावा. बँकेच्या तक्रार विभागाला लिहून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. मात्र पुनर्रचना द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, त्यात लोकपाल हात घालत नाही. अर्जाला उत्तरच न देणं, चुकीचे आकार लावणं, सिबिलमध्ये चुकीची नोंद, वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं, यांची तक्रार तिथे चालते. पतसंस्थेचं कर्ज असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते, तिथे सहकार निबंधकाकडे दाद मागावी लागते. पण तिथे निर्णय घेणारे संचालक गावातलेच असल्यामुळे अर्ज संचालक मंडळाच्या बैठकीआधी पोचवणं, आणि बैठक कधी आहे ते चौकशी करून ठेवणं, याचा फायदा होतो.

खातं एनपीए होऊन, बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आलीच, तर साठ दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत दिली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुनर्रचनेचा अर्ज आधी केलेला असेल तर आवक शिक्क्याची प्रत या हरकतीला जोडावी. नोटीस आल्यानंतरही तडजोडीची बोलणी होतात, फक्त तेव्हा बँक थकबाकीतली बरीच मोठी रक्कम आधी भरायला सांगते.

सहा महिने संपले की नवं हप्ता-वेळापत्रक छापून घ्यावं आणि त्यातली मुद्दलाची रक्कम ताडून बघावी. फक्त व्याज भरलेलं असेल तर तिथे बरोबर चोवीस लाखच दिसायला हवेत. जास्त दिसले तर कुठला तरी आकार मुद्दलात मिसळलाय, आणि तो पहिला पूर्ण हप्ता जायच्या आतच लेखी विचारून काढून घ्यावा.